बाळाचं वजन पहिल्या आठवड्यात किती उतरतं आणि परत कधी भरतं

दवाखान्यातून सुट्टी होताना बाळाच्या फाइलवर दोन आकडे असतात. एक जन्मल्यावरचं वजन, दुसरं निघतानाचं. दुसरा आकडा जवळजवळ नेहमीच लहान असतो. घरी आल्यावर आजी, मावशी, शेजारच्या काकू अशा सगळ्यांच्या हातात ती फाइल फिरते आणि संध्याकाळपर्यंत ‘आईला दूधच नाही’ हा निकाल लागलेला असतो. वरच्या दुधाचा डबाही घरात येतो. बहुतेक वेळा त्या डब्याची गरज नसते. काही वेळा मात्र बाळाला खरोखर दूध कमी पडत असतं आणि घरचे ‘उतरतंच वजन’ म्हणून निवांत असतात. या दोन्ही चुका टाळायच्या तर थोडं गणित करावं लागतं आणि लंगोट मोजावे लागतात. पुढे लिहिलंय ते पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या, अडीच किलो किंवा त्याहून जास्त वजनाच्या, आईच्या अंगावर पिणाऱ्या बाळाबद्दल. लवकर जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाचे नियम वेगळे असतात, त्यांच्याबद्दल शेवटी थोडं आहे.

वजन उतरतं म्हणजे नेमकं काय जातं

जन्मताना बाळाच्या अंगात जास्तीचं पाणी असतं. पोटात असताना ते लागत होतं, बाहेर आल्यावर लागत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळ ते लघवीवाटे टाकतं. त्याच दिवसांत आतड्यात साठलेली काळी, डांबरासारखी चिकट शी बाहेर पडते. आणि आईला या काळात चीक येत असतो, तो थोडाच असतो. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी जेमतेम चमचाभर पितं, कधी तेवढंही नाही. जाणारं जास्त आणि येणारं कमी, म्हणून काटा खाली जातो. बाळाची चरबी किंवा मांस झडतंय असा याचा अर्थ नाही.

दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान आईला पान्हा फुटतो, छाती भरून येते, आणि वजनाची घसरण थांबते. पहिलटकरणीला, सिझर झालेल्या बाईला किंवा मधुमेह असलेल्या आईला दूध उतरायला थोडा उशीर होऊ शकतो. म्हणून त्यांच्या बाळांचं वजन थोडं जास्त आणि थोडे जास्त दिवस उतरतं.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. प्रसूतीच्या वेळी आईला सलाईनच्या बाटल्या भरपूर लागल्या असतील, तर ते पाणी बाळापर्यंतही पोहोचतं. असं बाळ जन्मतानाच थोडं फुगलेलं असतं आणि पहिल्या चोवीस तासांत भरपूर शू करून हलकं होतं. कागदावर घट मोठी दिसते, पण त्यातली काही नुसती ओसरलेली सूज असते. त्यामुळे चोवीस तासांनी घेतलेलं वजन फाइलवर असेल तर तेही टिपून ठेवा. पुढच्या आकड्यांचा अर्थ लावताना डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

पहिली पायरी: वजन नीट घ्या

चुकीच्या वजनावर केलेलं गणित चुकीचंच येणार. मोठ्यांच्या काट्यावर आधी आपण उभं राहायचं, मग बाळाला घेऊन उभं राहायचं आणि वजाबाकी करायची, हा प्रकार नवजात बाळासाठी पूर्ण बाद. तो काटा शंभर ग्रॅम इकडेतिकडे सहज दाखवतो, आणि आपल्याला तर वीस-तीस ग्रॅमचा फरक पाहायचा आहे. बाळांचा डिजिटल काटा हवा, पाच किंवा दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा.

काटा सपाट, टणक जागेवर ठेवा. गादीवर किंवा सतरंजीवर नको. त्यावर पातळ कापड अंथरा, मग काटा शून्यावर आणा, आणि मग बाळाला पूर्ण उघडं करून ठेवा. टोपी, मोजे, लंगोट, मनगटावरचा दवाखान्याचा पट्टा, काळे मणी, वाळे सगळं काढायचं. निघत नसेल ते प्रत्येक वेळी तसंच अंगावर राहू द्या, म्हणजे तुलना बिघडत नाही. पाजण्याच्या आधी वजन घेतलं तर बरं. खोली उबदार असू द्या, पंखा बंद ठेवा, आणि अर्ध्या मिनिटात उरका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काटा शक्यतो एकच असू द्या. दोन काट्यांत पन्नास-साठ ग्रॅमचा फरक नेहमीच दिसतो. काटा बदलावा लागला तर त्या नव्या काट्यावर एक-दोन दिवसांनी पुन्हा वजन घ्या आणि त्या दोन आकड्यांचीच आपसात तुलना करा.

रोज वजन करू नका. बाळाने शू केली की काटा खाली, पोटभर प्यालं की वर, आणि आईचा जीव त्याच्याबरोबर वरखाली. सुट्टी होताना एकदा, तिसऱ्या ते पाचव्या दिवसात एकदा, सातव्या दिवशी एकदा आणि चौदाव्या दिवशी एकदा, एवढं पुरतं. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

काटा कुठून आणायचा, हा प्रश्न खेड्यात मोठा वाटतो, पण त्याची सोय आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायचं असतं. घरीच प्रसूती झाली असेल तर पहिल्या दिवशीही. तिच्या पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर असतो. या घरभेटींची पद्धत मुळात आपल्याच गडचिरोलीतल्या खेड्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घडवली आणि २०११ पासून ती देशभर लागू झाली. बाळंतीण माहेरी गेली असेल तर माहेरच्या गावच्या आशाताईला कळवा. नाहीतर सासरच्या ताईला वाटतं बाळ तिकडे, तिकडच्या ताईला बाळ आल्याचं माहीतच नाही, आणि भेटी राहूनच जातात.

दुसरी पायरी: टक्के काढा

बाळ किती ग्रॅमने उतरलं याला एकट्याने अर्थ नाही. साडेतीन किलोच्या बाळाचे अडीचशे ग्रॅम आणि अडीच किलोच्या बाळाचे अडीचशे ग्रॅम सारखे नव्हेत. म्हणून टक्के काढायचे. जन्माच्या वजनातून आजचं वजन वजा करा, उत्तराला जन्माच्या वजनाने भागा आणि शंभराने गुणा.

एवढंही नको असेल तर सोपी युक्ती आहे. जन्माचं वजन ग्रॅममध्ये लिहा आणि शेवटचा आकडा खोडा. उरलं ते दहा टक्के. २९०० ग्रॅमच्या बाळाचे दहा टक्के म्हणजे २९० ग्रॅम. याचा अर्थ काटा २६१० च्या खाली जायला नको. ही खालची रेघ पहिल्याच दिवशी फाइलच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

आता या टक्क्यांचा अर्थ. अंगावर पिणारी बहुतेक बाळं पाच ते सात टक्के उतरतात. वरचं दूध पिणारी त्याहून कमी. सात टक्क्यांच्या पुढे गेलं की बाळाला काही झालंय असं नाही, पण आई बाळाला पाजत असताना कुणा जाणत्या माणसाने समोर बसून पाहायला हवं. दहा टक्के गाठले की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, बाळ कितीही शांत झोपलेलं असलं तरी.

टक्क्यांइतकंच वयही पाहायचं, आणि तेही तासांत. पहिल्याच दिवशी सात टक्के उतरलेलं बाळ आणि तिसऱ्या दिवशी सात टक्के उतरलेलं बाळ यांत पहिलं जास्त काळजीचं. म्हणून जन्माची वेळ आणि वजन घेतल्याची वेळ दोन्ही लिहा. उत्तर कॅलिफोर्नियात एक लाखाहून अधिक बाळांच्या वजनाचे तासागणिक तक्ते करून २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांत केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांपैकी नॉर्मल प्रसूतीची सुमारे पाच टक्के बाळं अठ्ठेचाळीस तासांत दहा टक्के किंवा जास्त उतरलेली होती. सिझरच्या बाळांत तर बहात्तर तासांपर्यंत चौथ्या हिश्श्याहून जास्त बाळं तिथे पोहोचली होती. म्हणजे दहा टक्के ही बाळ आजारी असल्याची पावती नव्हे. नीट तपासायची वेळ आली एवढाच त्याचा अर्थ. आणि तपासणी टाळायला ‘सिझरच्या बाळांचं होतंच असं’ हे कारण चालत नाही.

तिसरी पायरी: लंगोट मोजा

काटा रोज हाताशी नसतो, लंगोट असतात. पहिले काही दिवस डायपरऐवजी सुती लंगोट वापरा असं मी सगळ्यांना सांगते, त्याचं कारण हेच. डायपर सगळं शोषून घेतो आणि बाळाने दिवसभरात दोनदा शू केली की सहादा, हे कळतच नाही. डायपरच वापरायचा असेल तर आत टिश्यू पेपरची घडी ठेवा, ओली झाली की कळते.

पहिल्या दिवशी निदान एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, असं साधारण चढत जातं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा, चांगली भरपूर आणि फिकट रंगाची शू हवी. पहिल्या दोन दिवसांत लंगोटावर विटेच्या भुकटीसारखा नारिंगी-लालसर डाग दिसला तर घाबरू नका, ते रक्त नसतं, दाट लघवीतले क्षार असतात. पण चौथ्या दिवशीही तसाच डाग पडत असेल तर बाळाला दूध पुरत नाहीये असं समजा आणि त्याच दिवशी वजन करून घ्या.

शीचा रंग तर काट्याइतकाच खरं बोलतो. आधी काळी, तिसऱ्या दिवसाच्या आसपास हिरवट-तपकिरी, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मोहरीच्या रंगाची पिवळी, दाणेदार, पातळ. ही पिवळी शी दिवसातून तीन-चार वेळा होऊ लागली म्हणजे दूध पोटात जातंय. पाचव्या दिवशीही शी काळीच असेल किंवा चोवीस तास शी झालीच नसेल, तर छातीला लावलं तेव्हा बाळ तोंड हलवत होतं, पण पीत नव्हतं.

पाचवीची पूजा ज्या दिवशी मांडाल, त्याच दिवशी हे पाहून टाका: शी पिवळी झाली का, वजन उतरायचं थांबलं का. तारखा विसरतात, पाचवी घरात कुणी विसरत नाही.

चौथी पायरी: कमी पडत असेल तर पाजणं सुधारा

पहिल्या आठवड्यात वजन जास्त उतरण्याचं सगळ्यात मोठं कारण आईला दूध नसणं हे नाही. दूध असतं, पण बाळाच्या तोंडात येत नाही. बाळ नुसतं बोंड तोंडात धरून चोखत राहतं. तास तास छातीशी असतं, आईच्या बोंडांना चिरा पडतात, आणि बाळ दमून झोपतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, बाळ किती वेळ पितंय!

पकड बरोबर असेल तर बाळाचं तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलेलं असतं, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, हनुवटी छातीला टेकलेली असते, आणि बोंडाभोवतीचा काळसर भाग बाळाच्या वरच्या ओठाच्या वर जास्त दिसतो, खाली कमी. गाल फुगीर राहतात. चोखताना गालाला खळी पडत असेल किंवा टचटच आवाज येत असेल तर पकड सुटलेली आहे. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून अलगद सोडवा आणि पुन्हा लावा. दूध उतरल्यावर दर एक-दोन चोषांनी गिळण्याचा हलका आवाज ऐकू येतो. तो ऐकायला शिका. पाजायला किती मिनिटं लागली यापेक्षा तो आवाज जास्त सांगतो.

चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं, रात्र धरून. झोपाळू बाळाला पहिल्या आठवड्यात उठवूनच पाजावं लागतं. कपडे सैल करा, पाठ चोळा, तळपाय चोळा, लंगोट बदला. ‘झोपलंय, झोपू दे, भूक लागली की उठेल’ हे दोन महिन्यांच्या बाळाला लागू आहे, तीन दिवसांच्या नाही. कमी प्यालेलं बाळ जास्त झोपतं, आणि झोपतं म्हणून आणखी कमी पितं. कावीळ चढायला लागली की ही सुस्ती आणखी वाढते.

एवढं करूनही वजनातली घट सात-आठ टक्क्यांच्या पुढे असेल, तर पाजून झाल्यावर हाताने दूध काढा आणि वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने बाळाला द्या. चीक दाट आणि थोडा असतो, पंपात तो नळीलाच चिकटून जातो, म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत पंपापेक्षा हात बरा. किती द्यायचं याचा अंदाज म्हणून: दुसऱ्या दिवशी एका वेळी पाच ते पंधरा मिली, तिसऱ्या दिवशी पंधरा ते तीस. एक छोटा चमचा पाच मिलीचा असतो. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या बाळाला एक ते तीन चमचे. डब्यावर लिहिलेलं साठ-नव्वद मिली तिसऱ्या दिवशीच्या बाळाला पाजलं की ते चार-पाच तास झोपतं, छाती रिकामी होत नाही, आणि दूध खरंच कमी होऊ लागतं.

आईचं दूध काढूनही पुरत नसेल आणि डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं, तर ते द्यावं. भुकेल्या बाळाला तत्त्वासाठी उपाशी ठेवायचं नाही. फक्त डॉक्टरांनी सांगितलं तेवढं मोजून द्यायचं, आणि त्याबरोबर आईने दूध काढणं चालू ठेवायचं. काही मोठ्या रुग्णालयांत दुसऱ्या मातांनी दिलेलं, तपासून पाश्चराइज केलेलं दूध मिळतं. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू झाली, आता इतरही शहरांत आहेत. भरती असलेल्या बाळासाठी तिथे विचारून पाहायला हरकत नाही.

मधाचं बोट, गूळपाणी, साखरपाणी, गुटी, साधं पाणी यांपैकी काहीही नको. त्याने पोट भरल्यासारखं होतं आणि बाळ छाती धरत नाही. वजन जास्त उतरलेल्या बाळाच्या रक्तात क्षार वाढलेले असू शकतात. अशा बाळाला घरच्या घरी पाणी पाजून ते भरून काढायला जाणं धोक्याचं आहे, ते हळूहळू आणि मोजूनच खाली आणावे लागतात.

एक उदाहरण पूर्ण मांडून

पहिलटकरीण, सिझर, मुलगी. सोमवारी सकाळी नऊ वाजता जन्म, वजन २९०० ग्रॅम. खालची रेघ २६१०.

मंगळवारी सकाळी वजन २७९०. घट ११० ग्रॅम, म्हणजे ३.८ टक्के. आईला सलाईन भरपूर लागलं होतं आणि मुलीने पहिल्या दिवसात चारदा शू केली होती, तेव्हा यात विशेष काही नाही.

गुरुवारी सकाळी नऊला, म्हणजे बहात्तर तासांनी, वजन २६४०. घट २६० ग्रॅम, ९ टक्के. लंगोट पाहिले तर शू तीनदा, शी अजून काळपट हिरवी. आईची छाती नुकतीच जड व्हायला लागलेली. या बाळाला लगेच डब्याचं दूध सुरू करायचं नाही, आणि ‘सिझरचं बाळ आहे’ म्हणून घरीही सोडून द्यायचं नाही. सिस्टरांनी पाजताना पाहिलं. मुलगी नुसतं बोंड धरत होती. बसण्याची पद्धत बदलली, टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाळाला काखेखाली धरून पाजायला शिकवलं, दर दोन ते अडीच तासांनी उठवून पाजायचं ठरलं, आणि प्रत्येक वेळी नंतर हाताने काढलेलं तीन-चार चमचे दूध वाटीने. कावीळ तपासली, ती उपचार लागण्याइतकी नव्हती. त्या रात्री पान्हा फुटला. शुक्रवारी सुट्टी झाली आणि बाळंतीण माहेरी गेली.

शनिवारी, पाचव्या दिवशी, घरच्यांनी गावातल्या दवाखान्यात वजन केलं: २७८०. दोन दिवसांत १४० ग्रॅम! घरात आनंदीआनंद, आणि आईला सांगण्यात आलं की आता रात्री उठवायची गरज नाही. आशाताई आली, तिने विचारलं, कपडे काढून केलं होतं का? नव्हतं. स्वेटर, टोपी, मोजे, लंगोट, वरून दुपटं. तिने त्याच काट्यावर उघडं वजन करायला लावलं. २६६०. वरचे १२० ग्रॅम कपड्यांचेच. तरीही बातमी चांगलीच होती. काटा वेगळा असल्याने गुरुवारच्या आकड्याशी तुलना करता येत नव्हती, पण सकाळपासून तीनदा पिवळी शी झाली होती. फक्त रात्री उठवणं चालू ठेवायचं होतं, ते ठेवलं. हाताने काढून देणं मात्र आता हळूहळू बंद.

त्याच काट्यावर सोमवारी, सातव्या दिवशी, २७१०. दोन दिवसांत पन्नास ग्रॅम, दिवसाला पंचवीस. अजून जन्माच्या वजनाहून १९० ग्रॅम कमी आहे, पण दिशा बरोबर आहे. पुढच्या सोमवारी, चौदाव्या दिवशी, २९०५. सात दिवसांत १९५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण अठ्ठावीस. झालं भरून.

यात निर्णायक क्षण गुरुवारचा होता, आणि तो ९ टक्के या आकड्यापेक्षा काळपट शी आणि चुकीच्या पकडीमुळे निर्णायक होता. तेच ९ टक्के, पण शी पिवळी, छाती भरलेली आणि गिळण्याचा आवाज स्पष्ट, असं असतं तर दोन दिवसांनी पुन्हा वजन करा एवढंच सांगून चाललं असतं.

पाचवी पायरी: भरायला किती दिवस द्यायचे

चौथ्या-पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाला साधारण वीस ते तीस ग्रॅमने वाढायला हवं. या हिशोबाने बहुतेक बाळं दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत येतात. बारशाला पाळण्यात घालताना बाळ जन्माएवढं किंवा त्याच्या अगदी जवळ आलेलं असतं, असा अंदाज धरा.

पण चौदा दिवस झाले आणि वजन पोहोचलं नाही, तर लगेच हाय खाऊ नका. वर सांगितलेल्या कॅलिफोर्नियातल्याच मोठ्या नोंदींत नॉर्मल प्रसूतीची जवळपास १४ टक्के आणि सिझरची २४ टक्के बाळं चौदाव्या दिवशी अजून मागेच होती. एकविसाव्या दिवशी मागे राहिलेली मात्र फार थोडी, अनुक्रमे ५ आणि ८ टक्के. म्हणून चौदाव्या दिवशी दोन वेगळे प्रश्न विचारायचे. बाळ किती खाली गेलं होतं, आणि तिथून रोज किती चढतंय? नऊ टक्के उतरलेलं बाळ रोज पंचवीस ग्रॅमने चढत असेल तर ते पोहोचणार, एक आठवडा द्या. चार टक्केच उतरलेलं बाळ रोज दहा ग्रॅमने चढत असेल, तर ते बाराव्या-चौदाव्या दिवशी जन्माच्या वजनाजवळ दिसेलही, पण वाढ कमी आहे आणि त्याचं पाजणं पुन्हा पाहायला हवं. पाचव्या दिवसानंतरही वजन उतरतच असेल, किंवा तीन आठवडे झाले तरी जन्माचं वजन आलं नसेल, तर डॉक्टरांकडे जायचंच. तिथे पाजण्याबरोबर जीभ जखडलेली आहे का, जंतुसंसर्ग, थायरॉइड, हृदयाचा काही दोष अशाही गोष्टी पाहिल्या जातात.

केव्हा थांबायचं नाही

दूध फार कमी पडलेल्या बाळाच्या अंगातलं पाणी घटतं आणि रक्तातले क्षार वाढतात. फसवणूक अशी की हे बाळ वाळलेलं दिसेलच असं नाही. टाळू खोल गेलेली नसते, कातडी घट्ट असते, आणि घरचे म्हणतात, किती शहाणं बाळ, अजिबात रडत नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये, पत्र्याखालच्या खोलीत, दारं-खिडक्या बंद करून, वर दुपट्यात गुंडाळून ठेवलेल्या बाळांत हे विशेष पाहायला मिळतं. शेगडी बाळंतिणीला हवी असेल तर असो, उन्हाळ्यात बाळाला तिची धग नको.

बाळ पाजायला उठवूनही उठत नाही किंवा छातीच धरत नाही, पहिले दोन-तीन दिवस सरल्यावर आठ तासांत शू झालेली नाही, पिवळेपणा पोटाच्या खाली, पायांपर्यंत उतरलाय, काखेतलं तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर किंवा ३६.५ च्या खाली आहे, आवाज चिरका झालाय, झटके येतायत किंवा उलट्या हिरव्या होतायत, तर वजनाचं गणित बाजूला ठेवा आणि रात्र असली तरी निघा. महाराष्ट्रात १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत असते. जाताना बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरा, आणि घेत असेल तर वाटेत पाजत राहा.

बाळाची नजर काढायची असेल तर काढा, तिला माझी हरकत नाही. पण आधी गाडी बोलवा.

लवकर किंवा कमी वजनाचं आलेलं बाळ

अडीच किलोच्या आतल्या किंवा सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला वरचे आकडे लावू नका. फार लवकर जन्मलेली बाळं दहा-पंधरा टक्केही उतरतात, त्यांचं वजन भरायला जास्त दिवस लागतात, आणि हे सगळं दवाखान्याच्या देखरेखीत होतं. जास्त फसवतात ती पस्तीस-छत्तीस आठवड्यांची बाळं. दिसायला पूर्ण दिवसांच्या बाळांसारखी, घरीही लवकर येतात, पण चोखण्याची ताकद कमी असते आणि पिता पिता झोपतात. त्यांच्यासाठी सात टक्क्यांनाच डॉक्टरांना दाखवा, आणि सुट्टीनंतर दोन दिवसांच्या आत पहिलं वजन घ्या. जुळ्यांत दोघांची वजनं वेगवेगळ्या कागदांवर लिहा. रात्री तीन वाजता कोण प्यालं आणि कोण राहिलं, हे भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही.

डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यायचं ते एवढंच: जन्माची वेळ आणि वजन, नंतरचं प्रत्येक वजन आणि ते कुठल्या काट्यावर घेतलं, आणि गेल्या चोवीस तासांत किती वेळा पाजलं, किती शू, किती शी आणि कोणत्या रंगाची. माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागे कागद जोडून लिहिलं तरी चालेल.